माद्रिदमध्ये पाकीट आणि पासपोर्ट दोन्ही गेले : पोलिसांत काय आणि कसं सांगायचं?

चांदणवेल
तातडीचं आहे म्हणून थेट लिहिते. ताई आणि भावोजी सध्या माद्रिदला आहेत. आज, शुक्रवारी दुपारी ते सोलहून मेट्रोच्या १ नंबरच्या लाइनने रेना सोफिया संग्रहालयाला गेले. तिकिटाच्या खिडकीपाशी भावोजींनी कमरेच्या पाऊचमध्ये हात घातला, तर पाकीट नाही आणि पासपोर्टही नाही. पाऊचची चेन उघडी होती. ती चोरट्याने उघडली की यांच्याकडूनच उघडी राहिली, हे दोघांनाही सांगता येत नाहीये. कुणी धक्का दिल्याचं आठवत नाही. ताईचा पासपोर्ट तिच्याजवळ आहे. परतीचं विमान मंगळवारचं आहे.

दोघांनाही स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. भावोजींचं म्हणणं, आधी दूतावास गाठू, पोलिसांचं नंतर बघू. ताई म्हणते आधी पोलीस. आणि पोलिसांत गेलं तर "हरवलं" सांगायचं की "चोरलं"? चुकीचं सांगितलं तर पुढे त्रास होईल का? तिथली माहिती असलेल्यांनी कृपया लवकर लिहा.

घाटवाटा
सरळ "चोरलं" सांगा. हरवलं म्हटलं की विमा कंपनी हात वर करते. माझ्या मित्राला एजंटनेच असं सांगितलं होतं. "रोबो" हा शब्द लक्षात ठेवा, काम होईल.

आबा_सातारकर
आधी कार्डं बंद करा हो! बाकी सगळं नंतर. बँकेच्या अॅपमधून होतं, फोन करायचीसुद्धा गरज नाही.

माद्रिदचा_मुक्काम
चांदणवेल, आबांचं बरोबर आहे. कार्डं आत्ता, या क्षणी बंद करायला सांगा. त्यानंतर आज रात्रीच पोलीस. दूतावास शनिवार-रविवार बंद असतो आणि पोलिसांच्या कागदाशिवाय तिथे काम पुढे सरकत नाही, त्यामुळे ताईंचाच क्रम योग्य आहे.

कुठे जायचं ते सांगतो. माद्रिदमध्ये रस्त्यावर दिसणारे पोलीस बहुतेक वेळा महापालिकेचे असतात, त्यांचं काम मुख्यतः वाहतूक आणि शहरातली शिस्त. तक्रार लिहून घेतात ते पोलिसिआ नासिओनाल. त्यांच्या ठाण्याला कोमिसारीआ म्हणतात. परदेशी पर्यटकांसाठी लेगानीतोस रस्त्यावर १९ नंबरच्या कोमिसारीआत वेगळा कक्ष आहे, त्याला 'साते' म्हणतात. प्लासा दे एस्पान्यापासून चालत पाच मिनिटं. तिथे इंग्रजी बोलणारी माणसं असतात, कार्डं बंद करायला, दूतावासाशी किंवा घरच्यांशी बोलायला तीच मदत करतात. तक्रार मात्र पोलीसच टंकतो. थांबावं लागतं, तेव्हा पाणी आणि फोनचा चार्जर जवळ ठेवायला सांगा.

आता घाटवाटांनी लिहिलंय त्याबद्दल. हे करू नका. इथल्या कायद्यात बळ, धमकी किंवा तोडफोड करून नेलं तर ते रोबो. खिशातून, पिशवीतून नकळत काढून नेलं तर ते उर्तो. आणि आपल्याच हातून कुठे पडलं तर ती पेर्दिदा, म्हणजे हरवणं. यातलं काय लिहायचं ते पोलीस ठरवतो. आपण फक्त काय घडलं ते सांगायचं. न घडलेला गुन्हा घडला असं सांगणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे. भावोजींना खरंच माहीत नाही ना? मग "माहीत नाही" हेच सांगायचं. त्यासाठीचं वाक्य असं :

नो से सी मे लो आन रोबादो ओ लो ए पेर्दीदो.
(चोरलं की माझ्याकडून हरवलं, मला ठाऊक नाही.)

हे एक वाक्य पाठ झालं तरी अर्धं काम झालं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : शेवटचं कधी पाहिलंत आणि कधी लक्षात आलं?

ला ऊल्तिमा बेथ के लो बी फ्वे एन एल ओतेल.
(शेवटचं पाहिलं ते हॉटेलात.)

मे दी क्वेन्ता एन एल मुसेओ.
(लक्षात आलं ते संग्रहालयात.)

या दोन ठिकाणांच्या मधला वेळ आणि रस्ता पोलीस लिहून घेतो. भावोजींनी आत्ताच कागदावर मांडून ठेवावं : किती वाजता हॉटेल सोडलं, सोलला किती वाजता चढले, कुठल्या स्टेशनला उतरले. रेना सोफियासाठी बहुतेक एस्तासिओन देल आर्तेला उतरले असतील. पाकिटात काय काय होतं तेही मांडावं. युरो किती, कार्डं कुठली, लायसन्स होतं का.

चांदणवेल
खूप खूप धन्यवाद. कार्डं बंद केली. एक अडचण आहे, पासपोर्टचा नंबर त्यांना पाठ नाही. झेरॉक्स सूटकेसमध्ये असेल म्हणतात, सापडत नाहीये.

माद्रिदचा_मुक्काम
हॉटेलच्या काउंटरवर विचारा. इथे उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवणं हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीत पासपोर्टचा नंबर असतोच. शिवाय व्हिसाच्या अर्जाचे कागद, विमानाच्या तिकिटाची नोंदणी, विम्याची पॉलिसी, यातल्या कशावर तरी नंबर सापडेल. नंबर तक्रारीत असणं फार गरजेचं आहे. दूतावास तोच बघतो.

खडीसाखर
मला मेक्सिकोचा अनुभव आहे. ग्वादलाहाराला पर्स गेली तेव्हा रस्त्यावरच्या पोलिसाने ऐकून घेतलं आणि मिनिस्तेरिओ पुब्लिकोकडे पाठवलं. तिथे तक्रार नोंदवतात. तासन् तास बसले, पण माणसं प्रेमळ होती, एका बाईंनी घरून आणलेली कॉफी दिली. तेव्हा चांदणवेल, ताईंना सांगा की पोलिसाच्या मागे न लागता मिनिस्तेरिओ पुब्लिको शोधा.

माद्रिदचा_मुक्काम
खडीसाखर, ते मेक्सिकोत. स्पेनमध्ये तसं नाही, इथे पोलीस ठाण्यातच तक्रार होते. चांदणवेल, गोंधळू नका. लेगानीतोस.

खडीसाखर
अरेच्चा, हो. घाईत "स्पॅनिश" एवढंच वाचलं. राहू दे तरी, कुणाला मेक्सिकोत उपयोगी पडेल. आणि तिकडे उच्चार वेगळे आहेत बरं का. तक्रारीला तुमच्याकडे "देनुन्थिआ" म्हणतात, ते आम्ही "देनुन्सिआ" ऐकलं.

पोपटी
मी बार्सिलोनात एमएस करतेय. खडीसाखर काकू, दोन्ही उच्चार इथे सगळ्यांना कळतात, काळजी नको. आपल्याला सोपं पडतं ते म्हणजे त आणि द, ते आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे. ह कुठेही म्हणायचा नाही. अडतं ते फक्त "खो"च्या जवळचं, घशातून येणारं अक्षर, "एम्बाखादा" म्हणजे दूतावास या शब्दातलं. खाकरल्यासारखं केलं की जमतं.

बार्सिलोनाला कुणी असेल तर लक्षात ठेवा, इथे तक्रार मुख्यतः मोसोस द'एस्क्वाद्रा हे प्रांताचे पोलीस घेतात, पोलिसिआ नासिओनाल नाही. बास्क प्रांतात एर्त्साइन्त्सा. आणि इथे तक्रार कातालानमध्ये टंकली जाऊ शकते, तेव्हा "एन कास्तेयानो, पोर फाबोर", म्हणजे कृपया स्पॅनिशमध्ये, असं म्हणायचं. पुढे विमा कंपनीला भाषांतर करून द्यायची वेळ आली तर स्पॅनिशवरून करणारा सापडतो, कातालानवरून करणारा पुण्यात शोधायला कुठे जाणार?

भटकंती_अखंड
मला एक कळत नाही. परत आल्यावर पुण्यातच ऑनलाइन लॉस्ट रिपोर्ट केला तर चालणार नाही का? आपल्या पोलिसांच्या साइटवर दोन मिनिटांत होतो. परक्या देशात पोलीस ठाण्याची पायरी चढायचीच कशाला?

माद्रिदचा_मुक्काम
परत येणार कशावर? पासपोर्ट नाही. दूतावास जे आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, त्यासाठी जिथे हरवला तिथल्या पोलिसांचा कागद मागतात. इथून निघताना विमानतळावर सीमा पोलिसही तो बघू शकतात, कारण शेंगेन व्हिसा जुन्या पासपोर्टात होता आणि या माणसाने देशात प्रवेश कसा केला हे त्यांना पडताळायचं असतं. पुण्यातल्या रिपोर्टचा इथे उपयोग नाही.

निळावंती
मी एका विमा कंपनीत प्रवासविम्याचे दावे तपासते (कंपनीचं नाव घेणार नाही, हे मत माझं). घाटवाटांच्या मुद्द्यावर थोडं लिहायलाच हवं, कारण हा गैरसमज आम्ही रोज बघतो.

पासपोर्ट हरवणं आणि रोकड जाणं ही बहुतेक पॉलिसींत दोन वेगळी कलमं असतात. पासपोर्टच्या कलमात दुसरी कागदपत्रं मिळवण्याचा खर्च मिळतो आणि तिथे चोरी की हरवणं याने बहुधा फरक पडत नाही. रोकड बऱ्याच पॉलिसींत मुळात नसतेच. म्हणजे "रोबो" लिहवून जो फायदा होईल असं लोकांना वाटतं, तो बहुतेक वेळा तिथे नसतोच. उलट, पोलिसांच्या कागदावर एक आणि दाव्याच्या फॉर्मवर दुसरंच लिहिलेलं आढळलं तर सगळाच दावा अडतो. मी असे दावे परत पाठवलेले आहेत आणि त्याचं वाईटही वाटतं, कारण माणूस खरा असतो, फक्त कुणीतरी दिलेल्या सल्ल्यावर चाललेला असतो.

दुसरं म्हणजे वेळ. पुष्कळ पॉलिसी चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवा म्हणतात. म्हणून आज रात्री जाणं विम्याच्या दृष्टीनेही बरोबर. कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावरही आजच कळवा आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या.

घाटवाटा
निळावंती, माझ्या मित्राला पैसे मिळाले होते, म्हणून तसं लिहिलं. पण त्याची बॅग कारची काच फोडून नेली होती हे आत्ता तुमचं वाचून आठवलं. म्हणजे तो खरोखरच रोबो असणार.

माद्रिदचा_मुक्काम
हो, काच फोडली म्हणजे रोबोच. तुमच्या मित्राने बरोबर सांगितलं, कारण त्याच्या बाबतीत तसंच घडलं होतं.

पोलीस किमतीबद्दलही विचारेल. चारशे युरोच्या वरची उर्तो जास्त गंभीर धरली जाते, म्हणून तो आकडा त्यांना लागतो. पाकिटात जेवढे होते तेवढेच सांगायचे.

आबा_सातारकर
आणि तो पोलीस बिचारा रात्री अकरा वाजता आपली आडनावं टंकत बसणार! क्षीरसागर, ज्ञानमोठे हे कसं लिहील तो?

पोपटी
आबा, तुम्ही हसताय, पण खरी गोची तिथेच होते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. फॉर्मवर दोन जागा असतात. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात "मिलिंद वसंत" असं वडिलांच्या नावासकट असतं आणि आडनावाच्या रकान्यात "देशपांडे". तीन शब्द बघितले की टंकणारा आपोआप "मिलिंद" नाव, "वसंत" पहिलं आडनाव, "देशपांडे" दुसरं आडनाव असं टाकतो. माझ्या विद्यापीठाच्या नोंदीत मी कित्येक महिने वडिलांच्या नावाने फिरत होते. शिवाय तक्रारीत आई-वडिलांची नावंही विचारतात, तेव्हा वडिलांचं नाव पुन्हा येतं आणि गोंधळ आणखी वाढतो.

याला उपाय एक वाक्य :
सोलो तेंगो उन आपेयीदो. (मला एकच आडनाव आहे.)

आणि तोंडी सांगण्यापेक्षा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्यायचं. "से लो एस्क्रीबो" म्हणजे मी लिहून देतो/देते.

माद्रिदचा_मुक्काम
पोपटी, फार महत्त्वाचं लिहिलंस. मी ओळखीच्या लोकांबरोबर दुभाषा म्हणून गेलो आहे, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच पाहिल्या आहेत. चोरी की हरवणं यावर लोक रात्रभर डोकं लावतात आणि नावातली चूक तशीच सही करून घेऊन येतात. दूतावासात मग कागदावरचा माणूस आणि समोरचा माणूस जुळत नाही.

चांदणवेल, ताईंना हे सांगा. टंकून झाल्यावर पोलीस कागद समोर सरकवतो आणि सहीसाठी पेन देतो. तेव्हा थांबायचं.

प्वेदो लेएर्लो आन्तेस दे फिर्मार?
(सही करण्याआधी वाचू का?)

स्पॅनिश येत नसलं तरी चार गोष्टी बघता येतात : नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर आणि तो कुठल्या देशाचा. त्यात चूक दिसली तर बोट ठेवून "आय उन एरोर" म्हणायचं. मजकूर समजून घ्यायचा असेल तर दुभाषा मागण्याचा हक्क आहे, तो मोफत असतो : "नेथेसीतो उन इन्तेर्प्रेते." मराठी दुभाषा अर्थातच मिळणार नाही, इंग्रजीचा मिळतो, त्याला वेळ लागू शकतो. शेवटी शिक्का असलेली प्रत मागायची : "ऊना कोपिआ सेयादा, पोर फाबोर." ती हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही.

चांदणवेल
ते टॅक्सीने लेगानीतोसला पोचले. ताईने तुमची वाक्यं हॉटेलच्या वहीत लिहून घेतलीत. नंबर रिसेप्शनवर मिळाला! पुढचं कळलं की लिहिते.

भटकंती_अखंड
शाब्बास ताईंची. रिसेप्शनची युक्ती मी माझ्या डायरीत लिहून ठेवली.

एक शंका, ऑनलाइन करता येत नाही का तिकडे? एवढा प्रगत देश.

पोपटी
येते. पोलिसिआ नासिओनालची ऑनलाइन सोय आहे, पण आपल्यासारख्या पर्यटकाला मुदतीत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, सही नाही तर तक्रार नाही. मंगळवारी विमान असताना सरळ जाणंच बरं.

विषय थोडा सोडून, कुणी विद्यार्थी वाचत असेल तर : राहण्याच्या परवान्याचं कार्ड गेलं तरी आपला एनआयई, म्हणजे परदेशी माणसाचा ओळख क्रमांक, तोच राहतो. तक्रारीची प्रत लावून कार्डाच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करायचा. तो अर्ज इएक्स-१७ आणि फी ७९०-०१२ च्या फॉर्मवर. फी भरणं दहा मिनिटांचं काम, अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा.

चांदणवेल
(शनिवार सकाळ)
रात्री उशिरापर्यंत चाललं, पण झालं. जसं घडलं तसं लिहिते, म्हणजे पुढच्या कुणालाही उपयोगी पडेल.

साते कक्षात एक तरुण मुलगी होती, चांगलं इंग्रजी बोलणारी. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. भावोजींनी कागदावरून "नो से सी मे लो आन रोबादो" वाचलं तर तिने मान डोलावली आणि इंग्रजीतच दोन-तीन प्रश्न विचारले : चेन उघडी होती का, डब्यात गर्दी होती का, कुणी अंगाला खेटून उभं होतं का. मग आत पोलिसाकडे पाठवलं. त्याने उर्तो लिहिलं. मेट्रोतली गर्दी आणि उघडी चेन यावरून त्याने ते ठरवलं, भावोजींनी काहीही सुचवलं नव्हतं.

आणि पोपटीने लिहिलं होतं तेच झालं! पहिल्या मसुद्यात भावोजींच्या वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून आलं होतं. ताईने बोट ठेवलं, "सोलो तेंगो उन आपेयीदो" म्हणाली. पोलीस म्हणाला, तुमचं नाही, यांचं. मग सगळेच हसले आणि त्याने दुरुस्त केलं.

आता अडचण. सकाळी लक्षात आलं की पाकिटात भारताचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि परकीय चलनाचं प्रीपेड कार्डही होतं. रात्री सांगायचं राहिलं. कार्ड बंद केलंय, पण तक्रारीत नाही. आता नवी तक्रार करायची का?

माद्रिदचा_मुक्काम
नवी नको. आहे त्याच तक्रारीत भर घालता येते. तीच प्रत घेऊन त्याच ठाण्यात जायचं : "किएरो आम्प्लिआर ला देनुन्थिआ." जुन्या तक्रारीचा क्रमांक नव्या कागदावर येतो. दोन्ही कागद पुढे एकत्र ठेवायचे.

आता दूतावास. सोमवारी सकाळी उघडण्याच्या वेळी दारात असायचं. अर्ज ऑनलाइन भरून ठेवायचा, फोटो आजच काढून घ्यायचे, जुन्या पासपोर्टची प्रत किंवा फोनमधला फोटो, तिकीट, आणि तक्रारीची मूळ प्रत. आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यासाठी, एकदाच. कधी त्याच दिवशी मिळतं, कधी भारतातून ओळख पडताळून यायला वेळ लागतो. शनिवार-रविवारी दूतावासाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करून परिस्थिती सांगून ठेवली तर सोमवारी मदत होते.

निळावंती
विमान कुठून आहे? लंडनमार्गे असेल तर आजच विमान कंपनीशी बोला. तिथे नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. ज्यांच्या पासपोर्टात अमेरिकेचा वगैरे व्हिसा असतो त्यांना बऱ्याचदा सूट मिळते, पण तो व्हिसा पासपोर्टाबरोबर गेला की सूटही गेली.

चांदणवेल
दोहामार्गे आहे, एकाच तिकिटावर. विमान कंपनीला विचारलं, आपत्कालीन प्रमाणपत्र चालेल म्हणाले.

खडीसाखर
पैशांचं काय केलं त्यांनी? माझ्या वेळी बहिणीने पैसे पाठवायची तयारी केली होती, पण ते घ्यायला ओळखपत्र लागतं आणि तेच तर गेलेलं! शेवटी सहप्रवाशाने दिले.

चांदणवेल
ताईकडे तिचं वेगळं कार्ड आणि थोडे युरो होते, त्यावर भागतंय.

आबा_सातारकर
म्हणूनच आमच्या वेळी सदऱ्याच्या आत चोरखिसा असायचा.

चांदणवेल
(रविवार रात्र)
नवीनच पेच. हॉटेलला फोन आला. कुणालातरी पाकीट आणि पासपोर्ट तिर्सो दे मोलिना स्टेशनजवळच्या कचऱ्याच्या डब्याशी सापडले आणि त्या व्यक्तीने ते ठाण्यात दिले. तक्रारीत हॉटेलचा पत्ता होता म्हणून पोलिसांनी कळवलं. पैसे गेले, कार्डंही गेली, पासपोर्ट मात्र अगदी नीट आहे! भावोजी म्हणतात, मग आता दूतावास कशाला, त्याच पासपोर्टावर येऊ. बरोबर ना?

घाटवाटा
अभिनंदन! मिळाला ना, मग सुटला प्रश्न.

माद्रिदचा_मुक्काम
थांबा, कृपया थांबा. एकदा हरवला-चोरीला गेला अशी नोंद झाली की पासपोर्टचा नंबर पोलिसांच्या यादीत जातो, आणि तिथून इंटरपोलच्या हरवलेल्या कागदपत्रांच्या यादीतही जाऊ शकतो. तो पासपोर्ट घेऊन विमानतळावर उभं राहिलं आणि यंत्राने लाल दाखवलं, तर पासपोर्ट तिथेच काढून घेतील आणि विमान जाईल. तक्रार मागे घेतली तरी यादीतून नंबर लगेच निघतोच असं नाही.

पासपोर्ट ताब्यात घ्या, घेतल्याचा कागद पोलिसांकडून मागा, आणि दोन्ही घेऊन सोमवारी दूतावासात जा. त्यांना खरं सांगा आणि ते सांगतील तसं करा. व्हिसाचं पान मिळालं हा मोठा फायदा आहे, व्हिसा दाखवता येईल.

भटकंती_अखंड
मला हे पटत नाही. तक्रार शुक्रवारी रात्रीची, मध्ये शनिवार-रविवार. एवढ्यात नंबर कुठल्या यादीत जाणार? माझ्या भाच्याला जर्मनीत सापडलेला पासपोर्ट परत मिळाला आणि तो त्यावरच आला, कुणी विचारलं नाही.

माद्रिदचा_मुक्काम
तुमच्या भाच्याने तक्रार केली होती का, की आधीच सापडला? आणि समजा गेला नसेल नंबर. गेलाय की नाही हे आपल्याला काउंटरवरच कळणार, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

भटकंती_अखंड
विचारून सांगतो. बहुतेक केली होती. नक्की नाही.

निळावंती
दाव्यातही सापडल्याचं कळवा. लपवू नका.

चांदणवेल
(सोमवार)
दूतावासात सांगितलं की नोंद झालेली आहे, या पासपोर्टावर प्रवास करू नका. तो रद्दचा शिक्का मारून परत दिला आणि दुपारी चारला आपत्कालीन प्रमाणपत्र हातात मिळालं. नावातली दुरुस्ती झाली नसती तर अडलं असतं, असं तिथल्या बाई स्वतःहून म्हणाल्या. पोपटी, तुला ताईकडून खूप खूप आशीर्वाद. माद्रिदचा_मुक्काम, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पोपटी
ताईंना नमस्कार सांगा! आता ही वाक्यं कुणीतरी एका ठिकाणी ठेवा रे, धाग्यात शोधत बसावं लागतं.

आबा_सातारकर
मी वहीत उतरवलीत. आमच्या हिला घेऊन दिवाळीनंतर तिकडे जायचा बेत आहे. "सेयादा" म्हणजे शिक्का ना?

माद्रिदचा_मुक्काम
हो आबा, शिक्का मारलेली. प्रवासाआधी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो काकूंच्या फोनमध्येही ठेवा.

चांदणवेल
(पुढचा आठवडा)
दोघं सुखरूप पोचले. मुंबई विमानतळावर आपत्कालीन प्रमाणपत्र काढून घेतलं. आता नवीन पासपोर्टसाठी हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि माद्रिदची तक्रार लागणार. तक्रार स्पॅनिशमध्ये आहे. पासपोर्ट कार्यालयात इंग्रजी भाषांतर मागतात का? आणि मागितलं तर ते कुणाकडून करून घ्यायचं?

निळावंती
आमच्याकडे काही तपासनीस मूळ कागद चालवून घेतात, काही भाषांतर मागतात. पासपोर्ट कार्यालयाचं मला माहीत नाही.

भटकंती_अखंड
पुण्यात स्पॅनिश शिकवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत, तिथले शिक्षक करून देतात. त्यावर सही-शिक्का कसला लागतो ते मात्र विचारून घ्या. आणि हो, भाच्याला विचारलं. त्याने तक्रार केलीच नव्हती, दोन तासांत हॉटेलातच सापडला होता.